लिंबाच्या जागी पुदिना: एका सिट्रोनेलॉलच्या ऑक्सिडीकरणाचं प्रकरण

डिस्टिलेशन सांभाळणाऱ्या आमच्या काकांना रसायनशास्त्राची पदवी नाही, पण त्यांच्या नाकावर माझा मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या जीसी यंत्राइतकाच विश्वास आहे. त्या दिवशी ज्युनिअरने फ्लास्क त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाला, "काका, सिट्रोनेलाल झालं." काकांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, ह्यात लिंबू कुठंय? हा तर पुदिना आहे."

पदार्थ ठिपक्यांनी वेगळे दाखवणारी टीएलसी मात्र दुसरंच सांगत होती. सिट्रोनेलॉलचा ठिपका पूर्ण गेलेला, त्याच्या वर नवा ठिपका, आणि डीएनपीचा फवारा मारल्यावर तो लख्ख नारिंगी. म्हणजे कार्बोनिल तयार झालं होतं. ज्युनिअर तेवढ्यावर खूश होता, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही झाले असते.

काम छोटं होतं. एका ग्राहकाला (S)-सिट्रोनेलाल हवं होतं, ५० ग्रॅम, कीटकांच्या गंधसंकेतांच्या संश्लेषणासाठी. जावा सिट्रोनेला तेलातून सिट्रोनेलाल भरपूर मिळतं, पण ते (R) हाताचं, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं. उलट्या हाताचं हवं असेल तर गुलाबात आणि जिरेनियममध्ये असणाऱ्या (−)-सिट्रोनेलॉलपासून सुरुवात करावी लागते आणि त्याच्या टोकावरच्या प्राथमिक अल्कोहोलचं अल्डिहाइड करून तिथेच थांबावं लागतं. हातबदलाची भीती इथे फारशी नाही. जो कार्बन रेणूला डावा-उजवा ठरवतो तो कार्बोनिलला लागून नाही, एक घर सोडून आहे, त्यामुळे इनॉल झालं तरी तो जागचा हलत नाही. खरी अडचण रेणूच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथे एक दुहेरी बंध आहे आणि तो अल्डिहाइडवर डोळा ठेवून बसलेला असतो.

ज्युनिअरने पहिली बाटली उचलली ती जोन्स अभिकर्मकाची. ती आमच्या शेल्फवर कायम असते, कारण मेंथॉलपासून मेंथोन आम्ही तिनेच करतो. हे १९४६ सालापासूनचं जुनं हत्यार आहे: २६.७ ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड, २३ मि.ली. तीव्र गंधकाम्ल, आणि पाणी घालून एकूण १०० मि.ली. त्यात क्रोमियम २.६७ मोलर असतं.

मेंथॉल आणि सिट्रोनेलॉल यांचं सूत्र एकच आहे, C₁₀H₂₀O, रेणुभार १५६.२७. फरक इतकाच की मेंथॉलचा हायड्रॉक्सिल वलयावर, दुय्यम कार्बनवर बसलाय आणि सिट्रोनेलॉलचा साखळीच्या टोकाला. त्यामुळे दोन्हीचे १० मिलिमोल, म्हणजे १.५६ ग्रॅम, ॲसिटोनमध्ये घेऊन बर्फात ठेवले आणि ब्युरेटने जोन्स थेंबाथेंबाने सोडला, तर प्राथमिक आणि दुय्यम अल्कोहोलमधला फरक डोळ्यांनी मोजता येतो. नारिंगी थेंब पडतो, हिरवा होतो, पुढचा पडतो. मेंथॉलमध्ये साधारण २.५ मि.ली. गेल्यावर नारिंगी रंग टिकायला लागतो. सिट्रोनेलॉलमध्ये तिथे टिकत नाही. आणखी तितकंच, एकूण ५ मि.ली. किंवा जरा जास्त घालावं लागतं.

याचा हिशोब सोपा आहे. क्रोमियम (VI) वरून (III) वर उतरताना तीन इलेक्ट्रॉन घेतं आणि अल्कोहोलचं कार्बोनिल होताना दोन सुटतात. म्हणून तीन रेणू अल्कोहोलला दोन क्रोमियम. १० मिलिमोलला ६.७ मिलिमोल, म्हणजे २.५ मि.ली. मेंथॉल तिथे कीटोन होऊन थांबतं, कारण त्या कार्बनवर काढायला आणखी हायड्रोजनच उरत नाही. सिट्रोनेलॉलने दुप्पट प्यायलं याचा अर्थ ते अल्डिहाइडवर थांबलं नाही, पुढे आम्लापर्यंत गेलं.

हा पुढचा प्रवास पाण्यामुळे होतो, आणि बरेच जण इथे चुकतात. क्रोमियमला अल्डिहाइडचा थेट राग नसतो. ते आधी हायड्रॉक्सिलला चिकटून क्रोमेट एस्टर बनवतं, मग त्याच कार्बनवरचा हायड्रोजन जातो आणि कार्बोनिल उरतं. अल्डिहाइडला हायड्रॉक्सिल नाही, तेव्हा क्रोमियमने धरायचं कुठे? पण जोन्समध्ये पाणी आहे आणि आम्लही आहे. अल्डिहाइडवर पाणी बसतं, एकाच कार्बनवर दोन हायड्रॉक्सिल असलेलं हायड्रेट होतं, आणि क्रोमियमला पुन्हा पकड मिळते. पाणी नसेल तर ही दुसरी फेरी जवळपास होत नाही.

त्या पहिल्या प्रयोगाचा माल सोड्याच्या द्रावणात हलवला तेव्हा फसफसून वायू आला आणि बहुतेक माल पाण्यात उतरला. ते सिट्रोनेलिक आम्ल होतं. वर इथरमध्ये जे उरलं त्याच्या आयआरमध्ये १७३५ च्या आसपास टोक होतं आणि वस्तुमान वर्णपटात ३०८. ३०८ म्हणजे सिट्रोनेलिल सिट्रोनेलेट, दोन रेणू जोडून झालेला एस्टर. जोन्स अल्कोहोलमध्ये हळूहळू सोडला की फ्लास्कमध्ये बराच वेळ अल्कोहोल जास्त आणि ऑक्सिडक कमी अशी स्थिती असते. नवं अल्डिहाइड शेजारच्या अल्कोहोलला धरून हेमिॲसिटल बनवतं, त्यालाही एक मोकळा हायड्रॉक्सिल असतो, आणि त्याचं ऑक्सिडीकरण झालं की एस्टर. कुणाला आम्लच हवं असेल तर उलटं करावं, अल्कोहोल जोन्समध्ये सोडावं, म्हणजे एस्टर कमी पडतं. आम्हाला दोन्ही नको होतं.

ज्युनिअर पुस्तकं नीट वाचलेला मुलगा. "मॅडम, पाण्यामुळे बिघडलं ना? मग पीसीसी घेतो, कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये." तर्क बरोबर होता. पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट कोरी आणि सग्ज यांनी १९७५ मध्ये मांडलं ते याचसाठी. त्याने १.५६ ग्रॅम सिट्रोनेलॉलला ३.२३ ग्रॅम पीसीसी, म्हणजे दीडपट मोल, २५ मि.ली. डायक्लोरोमिथेनमध्ये घातलं. नारिंगी लगदा अर्ध्या तासात तपकिरी, मग काळा झाला. दोन तासांत टीएलसीवर अल्कोहोल संपलं होतं. तेव्हाच उरकलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण संध्याकाळ झाली होती, आणि "राहू दे ढवळत, सकाळी गाळू" हे वाक्य कुठल्या लॅबमध्ये बोललं जात नाही? सकाळी इथर घातलं, तळाला चिकटलेलं डांबर सेलाइटवरून गाळलं, द्रावक उडवला. मग काका, आणि मग पुदिना.

डीएनपीने फसवलं होतं, कारण त्याला अल्डिहाइड आणि कीटोन सारखेच. टोलेन्स केली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. आम्ही नंतर केली. बाजारच्या सिट्रोनेलालने नळीच्या आतून चांदी चढवली, आमचा माल तसाच राहिला. जीसी-एमएसवर मोठं टोक १५२ चं होतं. सिट्रोनेलालचं १५४ असायला हवं, म्हणजे दोन हायड्रोजन कमी. एक छोटं टोक १५४ चं होतं आणि ज्युनिअरने त्यावर समाधान मानायची तयारी केली होती, पण ते सिट्रोनेलालच्या वेळेवर येत नव्हतं. एनएमआर बाहेरून करून आणला. ९.७ वरचा अल्डिहाइडचा हायड्रोजन जवळपास नव्हता, साखळीच्या दुहेरी बंधावरचा ५.१ चा हायड्रोजनही गेलेला, आणि ४.७ ते ४.९ मध्ये टोकाच्या =CH₂ चे दोन नवे संकेत. साखळीचं वलय झालं होतं.

झालं ते असं. पीसीसी कोरडं असलं तरी उदासीन नाही. पिरिडिनियम आम्लधर्मी आहे, क्रोमियमही कार्बोनिलच्या ऑक्सिजनला ओढतं. अल्डिहाइड तयार झालं की त्याचा कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेला होतो, आणि साखळी नेमकी इतकी लांब आहे की दुसऱ्या टोकाचा दुहेरी बंध वळून त्याच्यापर्यंत पोचतो आणि सहा कार्बनांचं वलय बंद करतो. तयार होतं आयसोपुलेगॉल. त्याचा रेणुभार सिट्रोनेलालइतकाच, १५४.२५, कारण एकही अणू आला किंवा गेला नाही, फक्त रचना बदलली. जीसी-एमएसवरचं ते छोटं १५४ हेच होतं. आता आयसोपुलेगॉल हे दुय्यम अल्कोहोल आहे आणि फ्लास्कमध्ये पीसीसी शिल्लक आहे. म्हणून त्याचंही ऑक्सिडीकरण होऊन आयसोपुलेगोन हे कीटोन झालं, रेणुभार १५२. पुदिन्याच्या कुळातलाच वास. आम्ही घातलेल्या प्राथमिक अल्कोहोलमधून फ्लास्कने स्वतःच एक दुय्यम अल्कोहोल बनवलं आणि त्याचंही ऑक्सिडीकरण करून टाकलं.

यात आमचा शोध काहीच नाही. कोरी, एन्स्ली आणि सग्ज यांनी १९७६ मध्ये हीच गोष्ट मुद्दाम करून दाखवली होती: (−)-सिट्रोनेलॉल, जास्तीचं पीसीसी, जास्तीचा वेळ, आणि शेवटी अल्कलीने दुहेरी बंध कार्बोनिलच्या शेजारी सरकवला की (S)-पुलेगोन. त्यांच्यासाठी जे उत्पादन, ते आमच्यासाठी खराब बॅच. शिवाय पुलेगोन यकृताला घातक आहे, तेव्हा सुगंधाच्या कारखान्यात ते चुकून तयार होणं हे अल्डिहाइड न मिळण्यापेक्षाही वाईट.

यावरचा पहिला उपाय स्वस्त आहे. पीसीसीबरोबर निर्जल सोडियम ॲसिटेट घालायचं. आम्ही १० मिलिमोलला ०.८ ग्रॅम घातलं, सोबत सेलाइट, म्हणजे डांबर तळाला न चिकटता भुकटीवर बसतं. टीएलसीवर अल्कोहोल संपताच, दोन तासांत, गाळलं. यावेळी काकांनी मान हलवली. जीसीवर बहुतेक सिट्रोनेलाल, थोडंसं आयसोपुलेगॉल. लॅबपुरतं हे पुरेसं होतं.

५० ग्रॅमला ते पुरेसं नव्हतं, आणि कारण क्रोमियमचं होतं. चाचणीतल्या ३.२३ ग्रॅम पीसीसीत ७८० मिलिग्रॅम क्रोमियम असतं. जमिनीवरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तेवढंच क्रोमियम न बदलता सोडलं तर ७,८०० लिटर पाणी त्या मर्यादेला टेकेल, आणि ही दीड ग्रॅमची गोष्ट. अर्थात कुणी तसं सोडत नाही. आधी बायसल्फाइटने नारिंगी घालवून हिरवं करायचं, मग अल्कलीने सामू आठच्या पुढे नेऊन हिरवा हायड्रॉक्साइड बसवायचा, तो गाळून घातक कचऱ्यात द्यायचा. पण पीसीसीच्या डांबरात क्रोमियम अडकून बसतं आणि ते सगळं क्षपण झालंय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. जोन्समध्ये निदान रंग तरी खरं बोलतो. मेंथॉलसाठी म्हणूनच मी अजून जोन्सवरच आहे: दुय्यम अल्कोहोल, कीटोनवर थांबणारच, अडीच मि.ली.ला रंग सांगतो, एक थेंब आयसोप्रोपेनॉलने जास्तीचं मारलं की काम संपलं. तिथे काळजी एकच. आम्लात मेंथोन जास्त वेळ राहिलं तर कार्बोनिलशेजारचा कार्बन उलटतो आणि आयसोमेंथोन वाढतं. थंड ठेवायचं आणि लगेच धुवायचं.

सिट्रोनेलॉलसाठी मग क्रोमियमबाहेर पाहिलं. पहिला पर्याय स्वर्न ऑक्सिडीकरणाचा, १९७८ चा. त्यात धातूही नाही आणि आम्लही टिकत नाही, कारण शेवटी ट्रायइथिलअमाइन भरपूर असतं. १० मिलिमोलला १२ मिलिमोल ऑक्झॅलिल क्लोराइड, २४ मिलिमोल डीएमएसओ, −७८ अंशांवर दहा मिनिटं, मग अल्कोहोल, मग ७ मि.ली. अमाइन आणि हळूहळू खोलीच्या तापमानाला. −६० च्या वर सक्रिय डीएमएसओ टिकत नाही, आणि तापमान चढू दिलं तर अल्कोहोलला CH₃SCH₂ हा गट चिकटलेला इथर मिळतो. आमचं तापमान जागेवर होतं आणि जीसीही सुरेख आला: सिट्रोनेलाल, वलय नाही, आम्ल नाही. पण प्रत्येक रेणू अल्डिहाइडमागे एक रेणू डायमिथिल सल्फाइड सुटतं, कुजक्या कोबीच्या वासाचं. उघड्या भांडी धुवायच्या जागेवर ज्युनिअरने एक फ्लास्क विसळला आणि दोन दिवस पॅकिंग विभागातून फोन येत होते. काचसामान ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की सल्फाइडचं बिनवासाचं डीएमएसओ होतं, हे आम्ही जरा उशिरा केलं. औषधाच्या लॅबमध्ये मी स्वर्न डोळे झाकून घेतला असता. अत्तराच्या कारखान्यात नाही.

मग टेम्पो. ही नायट्रॉक्सिल मूलकाची नारिंगी स्फटिकं. योगायोगाने रेणुभार पुन्हा १५६. ती स्वतः ऑक्सिडक नाहीत. दुसरं काहीतरी त्यांना ऑक्सोअमोनियम बनवतं, ते अल्कोहोलमधून हायड्रोजन काढतं आणि परत फिरतं, म्हणून शेकडा दहा मोल पुरतात. मिथिल गटांची दाटी असल्यामुळे ते टोकाचं प्राथमिक अल्कोहोल पटकन घेतं आणि दुय्यमाकडे फारसं फिरकत नाही. आमच्या प्रकरणात याचा उपयोग दुहेरी होता: चुकून थोडं आयसोपुलेगॉल झालंच तरी त्याचं कीटोन होणार नाही.

स्वस्त प्रकार ब्लीचचा, टेम्पो आणि सोडियम हायपोक्लोराइट. ज्युनिअरने तोही करून पाहिला आणि मी मुद्दाम अडवलं नाही. अल्डिहाइड आलं, पण त्यासोबत १८८ आणि १९० अशी तीनास एक उंचीची जोडी. ती क्लोरीनची सही. दुहेरी बंधाने हायपोक्लोरस आम्लातला क्लोरीन उचलला होता. साखळीत दुहेरी बंध नसता तर मी हीच पद्धत घेतली असती.

शेवटी टेम्पोला फिरवायला डायॲसिटॉक्सिआयोडोबेन्झिन घेतलं, १९९७ ची पद्धत. १.५६ ग्रॅम सिट्रोनेलॉल, १० मि.ली. डायक्लोरोमिथेन, १५६ मिलिग्रॅम टेम्पो, ३.५४ ग्रॅम आयोडीनचं अभिकर्मक, खोलीच्या तापमानाला तीन तास. ढवळताना पांढरी भुकटी विरघळत जाते आणि द्रावण नारिंगी-पिवळं होतं. सोडियम थायोसल्फेटने उरलेलं ऑक्सिडक मारायचं आणि सोडियम बायकार्बोनेटने ॲसेटिक आम्ल धुऊन टाकायचं. हे आम्ल मंद आहे, तीन तासांत वलय करत नाही, पण रात्रभर सोबत ठेवायला मी तयार नव्हते. इथेही पाणी नाही म्हणूनच अल्डिहाइडवर थांबतं. हेच मिश्रण ॲसिटोनायट्राइल आणि पाण्यात केलं तर सरळ आम्ल मिळतं. डेस-मार्टिन अभिकर्मकानेही हे काम झालं असतं, फक्त ५० ग्रॅमचा भाव पाहून खरेदी विभागाने मला जेवायला बोलावलं नसतं.

मोठ्या बॅचची अडचण वेगळीच निघाली. दर ५० ग्रॅम सिट्रोनेलॉल म्हणजे ०.३२ मोल, त्याला ११३ ग्रॅम अभिकर्मक, आणि त्यातून निघतं सुमारे ६५ ग्रॅम आयोडोबेन्झिन. मालापेक्षा उपपदार्थ जड. आयोडोबेन्झिन १८८ अंशांना उकळतं, सिट्रोनेलाल २०७ ला, तेव्हा नुसतं ऊर्ध्वपातन करून सुटका नाही. आम्ही आधी छोट्या सिलिका स्तंभावरून हेक्झेनने आयोडोबेन्झिन काढलं, मग पाच टक्के इथिल ॲसिटेटने अल्डिहाइड. स्तंभावर रेंगाळायचं नाही, सिलिकाही थोडी आम्लधर्मीच. मग निर्वातात ऊर्ध्वपातन. काकांनी त्याआधी सगळी काच सोड्याच्या पाण्याने विसळून वाळवली. आम्लाचा अंश राहिलेल्या गरम काचेवर सिट्रोनेलाल वळतं हे ते कुठल्याही पुस्तकाआधी शिकले होते.

माल नायट्रोजनखाली गेला. ठेवणीतला नमुना मात्र कुणीतरी अर्धी बाटली हवेवर ठेवून बंद केला, आणि तीन आठवड्यांनी त्यात सिट्रोनेलिक आम्लाचं टोक आलं. ज्युनिअर धावत आला, "मॅडम, टेम्पोने जास्त ऑक्सिडीकरण केलं!" मी त्याला पहिल्या दिवसाचा जीसी काढायला सांगितला. त्यात ते टोक नव्हतं.